‘च्वान रेनगोंग’: ताओबाओच्या यंत्रामागचा माणूस गाठताना

चिनी भाषेत ‘रेनगोंग’ (人工) या शब्दाला दोन तोंडं आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेला चिनीत 人工智能 म्हणतात, तिथे रेनगोंगचा अर्थ ‘कृत्रिम’. दुकानाच्या मदतकक्षात 人工客服 असं लिहिलेलं असतं, तिथे मात्र त्याचा अर्थ ‘हाडामांसाचा माणूस’. मूळ अर्थ ‘माणसाच्या हातचं काम’ असा आहे. निसर्गाच्या तुलनेत माणसाने केलेलं ते कृत्रिम ठरतं आणि यंत्राच्या तुलनेत तेच खरं. ताओबाओ या चिनी ऑनलाइन बाजारावर वस्तू मागवणाऱ्या परक्या माणसाला या शब्दाची गरज पहिल्याच तक्रारीला पडते, कारण तिथे आधी उत्तर देतं ते यंत्र. चीनमध्ये वैद्यकीय शिकणारे आपल्याकडचे विद्यार्थी आणि यीवूच्या बाजारात ये-जा करणारे व्यापारी यांचा त्याच्याशी संबंध येतो.

‘मला माणसाशी बोलायचं आहे’ हे वाक्य भाषांतराच्या ॲपमध्ये टाकलं, तर साधारण 我想和人说话 असं काहीतरी हाती येतं. व्याकरण बिनचूक असतं, पण कामाच्या जागी तिथे कोणी असं म्हणत नाही. म्हणतात ते फक्त तीन अक्षरांत:

```
转人工
```

उच्चार ‘च्वान रेनगोंग’, अर्थ ‘माणसाकडे वळवा’. हीच तीन अक्षरं का चालतात हे समजायला यंत्राच्या पोटात डोकावावं लागतं.

ताओबाओची मालक कंपनी अलीबाबाने ‘अली शियाओमी’ (阿里小蜜) हा यंत्र-मदतनीस 2015 साली आणला. त्याच्या बांधणीबद्दल कंपनीच्या संशोधकांनी 2017 मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केले. त्यांत दिसणारी रचना अशी आहे. तुमचं वाक्य आधी ठरावीक शब्दरचनांच्या यादीशी ताडून पाहिलं जातं. तिच्यात जुळणी सापडली की पुढे विचार करण्याचं कारणच उरत नाही. जुळणी नसेल तर वाक्य वर्गीकरण करणाऱ्या मॉडेलकडे जातं आणि ते अंदाज करतं, की ग्राहकाला एखादं काम करून हवं आहे, माहिती हवी आहे, की तो नुसत्या गप्पा मारतो आहे. गप्पांचा वाटा जेमतेम 5 टक्के असल्याचं त्या निबंधात म्हटलं होतं. बाकी सगळे पार्सलच्या आणि पैशांच्या चिंतेतलेच.

वर्गीकरणाचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं नसतं, ते गुणांत येतं. समजा ‘माल कधी पाठवणार’ या उद्देशाला 0.9 गुण पडले, तर यंत्र बिनदिक्कत उत्तर देतं. सगळ्यात वरच्या उद्देशालाही 0.3 च मिळाले, तर ते ‘तुम्हाला यांपैकी काय विचारायचं आहे?’ म्हणून चार-पाच पर्यायांचं कार्ड पुढे करतं. म्हणजे पर्यायांची यादी दिसली, की यंत्राला तुमचं म्हणणं पुरेसं कळलं नाही असं समजायला हरकत नाही. अशा वेळी लांबलचक वाक्य लिहून समजावत बसलात तर गुण आणखी विखुरतात, कारण वाक्यात एकाऐवजी तीन उद्देश सापडतात. 转人工 मात्र पहिल्याच गाळणीत पकडलं जातं. नुसतं 人工 लिहूनही अनेकदा काम होतं, पण तोच शब्द 人工费 म्हणजे मजुरीच्या खर्चातही येतो. म्हणून 转 पुढे लावलेलं बरं.

आता एक तक्रार पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहू. 89 युआनची विजेची किटली आली आहे आणि तिची मूठ तडकलेली आहे.

पहिला प्रश्न कोणाच्या दारी जायचं हा. ताओबाओवर दोन वेगवेगळे मदतकक्ष आहेत आणि नवखा माणूस हमखास चुकीच्या रांगेत उभा राहतो. एक कक्ष दुकानदाराचा. तिथे दुकानदाराने भाड्याने घेतलेलं यंत्र बसलेलं असतं, त्याचं नाव ‘त्येन शियाओमी’ (店小蜜), आणि त्याच्यामागे दुकानाची माणसं. दुसरा कक्ष खुद्द ताओबाओचा, 我的淘宝 या पानावर 官方客服 नावाने. मूठ तडकल्याची तक्रार पहिल्यांदा दुकानदाराचीच. ताओबाओच्या माणसाकडे आधीच गेलात, तर तो ‘विक्रेत्याशी बोला’ म्हणून परत पाठवण्याची शक्यता मोठी.

दुकानाशी गप्पांची खिडकी उघडताना कुठून उघडता यालाही महत्त्व आहे. वस्तूच्या पानावरून उघडली, तर यंत्र तुम्हाला अजून खरेदी न केलेला ग्राहक समजतं. मोठ्या दुकानांत खरेदीपूर्वीचे (售前) आणि खरेदीनंतरचे (售后) कर्मचारी निराळे असतात. चुकीच्या दारातून गेलं की रांगेत थांबून जो माणूस भेटतो त्याच्याकडे पैसे परत करण्याचा अधिकारच नसतो, आणि मग ‘जरा थांबा, वळवतो’ म्हणून दुसरी रांग सुरू होते. म्हणून 我的订单 मध्ये जाऊन किटलीच्याच ऑर्डरवरून खिडकी उघडावी. ऑर्डरचं कार्ड आपोआप पुढे आलं नाही, तर आपण होऊन पाठवावं. त्या कार्डात ऑर्डरचा क्रमांक असतो, आणि कुठल्या टेबलाकडे वळवायचं हे यंत्र बऱ्याच अंशी त्यावरूनच ठरवतं.

यानंतर दोन संदेश, तेही सुटे:

```
水壶把手裂了
```

म्हणजे ‘किटलीची मूठ तडकली आहे’. यंत्र यावर एखादं कार्ड दाखवेल. त्यात 商品破损 (वस्तू फुटकी) किंवा 质量问题 (दर्जाची तक्रार) दिसलं तर ते दाबावं. मग दुसरा संदेश, एकटाच:

```
转人工
```

दोन्ही एका वाक्यात घातले तर यंत्राला अनेकदा आधी तक्रारीचा उद्देश सापडतो. ते परताव्याचे नियम छापून मोकळं होतं आणि ‘माणसाकडे वळवा’ वाऱ्यावर जातं. पहिल्याच 转人工 ला ‘आधी प्रश्नाचा प्रकार निवडा’ असं उत्तर आलं, तर बहुतेक वेळा ती टाळाटाळ नसते, टेबल ठरवण्यासाठी यंत्राला एक माहिती कमी पडते आहे. प्रकार निवडून पुन्हा तीच अक्षरं लिहावीत. निवड न करता तेच दहा वेळा लिहिलं तर तेच कार्ड दहा वेळा येतं. खरोखरची टाळाटाळही असतेच. काही दुकानं ही वाट मुद्दाम लांब ठेवतात, कारण ‘माल कधी निघणार’, ‘कोणत्या कुरिअरने येणार’ असल्या रोजच्या प्रश्नांना माणूस बसवणं त्यांना परवडत नाही.

उत्तराखाली 已解决 आणि 未解决 अशी जोडी दिसली तर सावध राहावं. पहिल्याचा अर्थ ‘प्रश्न सुटला’. सवयीने तिथे बोट गेलं की संवाद संपला असं धरलं जाऊ शकतं. दुसरं बटण दाबल्यावर मात्र माणसाकडे जाण्याचा पर्याय पुष्कळदा वर येतो.

माणूस आला हे ओळखायचं कसं? ‘छिन’ (亲, म्हणजे जवळचं माणूस) या लाडिक संबोधनावरून नाही. ताओबाओच्या दुकानांत ते माणूसही वापरतो आणि यंत्रही. खात्याच्या नावाकडे पाहावं. दुकानाच्या नावापुढे विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके आणि त्यापुढे कर्मचाऱ्याचं उपखातं अशी तिथली पद्धत आहे. यंत्र असेल तर तिथे बऱ्याचदा 服务助手 दिसतं, माणूस आला की ते नाव बदलतं. दुसरी खूण वेळेची. तुम्ही पाठवल्याक्षणी चार ओळींचं सुबक उत्तर आलं तर ते यंत्र, किंवा कर्मचाऱ्याने एका कळीवर ठेवलेलं तयार वाक्य. अशा वेळी एक बारीक प्रश्न विचारावा, ‘मूठ कुठल्या बाजूला तडकली आहे ते फोटोत दिसतंय का?’ असा. तयार वाक्यात याचं उत्तर नसतं. फोटोही तेव्हाच पाठवावेत: तडकलेली मूठ, पूर्ण किटली आणि खोक्यावरचं कुरिअरचं लेबल.

माणूस मिळतच नाही याचं सगळ्यात साधं कारण घड्याळ असतं. रात्री अनेक दुकानांत फक्त यंत्र जागं असतं. पुण्यात रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा चीनमध्ये मध्यरात्र झालेली असते. पिनदुओदुओ या दुसऱ्या बाजारात तर दुकानदाराला याचे गुणच मिळतात. सकाळी 8 ते रात्री 11 या वेळेत आलेल्या किती ग्राहकांना माणसाने 3 मिनिटांच्या आत उत्तर दिलं, हे तिथे मोजलं जातं आणि यंत्राची उत्तरं त्यात धरत नाहीत. त्यामुळे तिथे माणूस लवकर येतो, पण बहुधा ‘पाहतो हं’ एवढंच लिहून घड्याळ थांबवतो आणि खरं उत्तर मागाहून येतं.

या सगळ्यात एक चूक महागात पडते: माणसाची वाट पाहत मुदत घालवणं. चीनच्या ग्राहक हक्क कायद्यात 15 मार्च 2014 पासून ऑनलाइन खरेदीला कारण न देता 7 दिवसांत परत करण्याची सोय आहे. खास मागणीवरून बनवलेल्या वस्तू, नाशवंत माल असे काही अपवाद सोडून. हे दिवस वस्तू हातात पडल्यापासून मोजतात, माणसाने उत्तर दिल्यापासून नाही. म्हणून गप्पांची खिडकी उघडी असतानाच ऑर्डरवरचं 申请售后 दाबून अर्ज टाकावा. तिथे 退货退款 (वस्तू परत, पैसे परत) निवडायचं असतं. माणूस गाठण्याची हीच खरं तर जास्त भरवशाची वाट आहे. गप्पांच्या यंत्राला वळसा घालून तुमचं प्रकरण थेट दुकानाच्या परताव्याच्या यादीत जातं. तिथे उत्तर द्यायला दुकानालाही मुदत असते आणि ती उलटी मोजली जाताना तुम्हालाही दिसते.

दुकानाने अर्ज नाकारला, तर त्याच पानावरून ताओबाओला मध्ये पडायला सांगता येतं. अशा मागणीला तिथे 介入 म्हणतात. आता 官方客服 कडे जाण्यात अर्थ आहे, कारण आता त्यांच्या यंत्रालाही ऑर्डरवर वाद चालू असल्याचं दिसतं. तिथेही क्रम तोच, आधी ऑर्डर निवडायची आणि मग 转人工. निकाल देणारा माणूस तुमचे फोटो आणि दुकानाशी ताओबाओच्या आत झालेला संवाद पाहतो. मधेच एखादा विक्रेता ‘वीचॅटवर या, तिथे पटकन मिटवू’ म्हणाला, तर ताओबाओमधून हलू नये. वीचॅटवर त्याने पैसे द्यायचं कबूल केलं असलं, तरी ताओबाओच्या नोंदीत त्याचा मागमूस नसतो.