गुंठ्याचा आर झाला, तिथून सुरू झालेला घोळ

काठी, पांड, बिघा ही मापं आता जुन्या कागदांतच सापडतात. 20 काठ्यांचा पांड, 20 पांडांचा बिघा. जमिनीच्या क्षेत्रावरून आज जी भांडणं होतात, त्यांच्याशी या मापांचा फारसा संबंध नाही. भांडण सुरू होतं इंग्रजी मोजणीपासून. 1836 च्या सुमाराला इंदापूर भागात जी मोजणी झाली, तिचाच साचा पुढे मुंबई इलाख्यात चालला. तिची साखळी 33 फुटांची होती आणि तिचे 16 आणे धरत. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, 1089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एकर.

स्वातंत्र्यानंतर दशमान पद्धत आली आणि सातबाऱ्यावर हेक्टर-आर बसले. आर म्हणजे 100 चौरस मीटर, तर गुंठा 101.17. फरक इतका बारीक की लोकांनी आरलाच गुंठा म्हणायला सुरुवात केली, आणि माझ्या मते सगळा घोटाळा या सोयीतूनच निघाला. एखाद्या उताऱ्यावर 0.53.00 असेल, तर विकणारा "53 गुंठे" सांगतो. हिशेबाने ते 5300 चौ.मी., म्हणजे 52.39 गुंठेच. घेणारा मात्र 53 गुंठ्यांचे, म्हणजे 5362 चौ.मी.चे पैसे मोजतो. 62 चौ.मी. हवेतच गेले! शेतात ते खपून जातं, पण शहरालगतच्या जागेत तेवढ्यात दोन खोल्या बसतात.

दुसरा घोळ ठिपक्याचा, आणि तो जास्त महागात पडतो. जुन्या कागदावर क्षेत्र "1-13" लिहिलेलं असतं, म्हणजे 1 एकर 13 गुंठे. नक्कल करताना कुणी त्याचं 1.13 केलं आणि पुढच्याने त्याला 4046.86 ने गुणलं, की 4573 चौ.मी. येतात. बरोबर आकडा काढायचा तर आधी सगळ्याचे गुंठे करायचे: 40 आणि 13 मिळून 53. मग 53 × 101.17 = 5362 चौ.मी., सातबाऱ्याच्या भाषेत 0.53.62. म्हणजे एका ठिपक्यात जवळजवळ पावणेआठ गुंठे गेले.

सातबारा संगणकावर चढवताना असे आकडे पुष्कळ उघडे पडले. लिखाणातली चूक असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 155 खाली तहसीलदाराच्या आदेशाने दुरुस्ती होते. पण मुळात क्षेत्रावरच वाद असेल, तर तेवढ्याने भागत नाही.

म्हणून खरेदीखतात चौ.मी. लिहिण्याआधी उताऱ्यावरचे तिन्ही भाग, हेक्टर, आर आणि चौ.मी., वेगळे वाचावेत आणि कंसात गुंठे लिहायचेच असतील तर ते 101.17 ने भागून लिहावेत. आमच्याकडचे जुने दस्तलेखक तर आकड्याखाली अक्षरी क्षेत्रही लिहीत: "पाच हजार तीनशे बासष्ट चौरस मीटर". त्यात ठिपका हरवायला जागाच नसे.