फ्रँकलिनच्या अकरा काचा आणि आजचं गणित

एकसर जोडलेल्या कपॅसिटरांवर प्रभार सारखाच असतो, हे वाक्य आपण बारावीत घोकतो. ते मुळात बेंजामिन फ्रँकलिनच्या 1749 च्या पत्रात सापडतं. लायडन जार, म्हणजे प्रभार साठवणारी काचेची बाटली, निघून तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. फ्रँकलिनने एका बाटलीच्या शेपटीला दुसरी टांगली आणि लिहिलं की पहिलीच्या शेपटीतून जे बाहेर ढकललं जातं त्यावर दुसरी भरते, दुसरीच्यावर तिसरी. सूत्र नाही, पण कारण अचूक.

त्याच पत्रात त्याची ‘बॅटरी’ आहे: खिडकीच्या अकरा मोठ्या काचा, प्रत्येकीच्या दोन्ही अंगांना शिशाचे पातळ पत्रे. भरताना त्या एकसर, सोडताना समांतर. एका काचेच्या श्रमात अकरा भरतील, असा त्याचा हिशेब होता. तो चुकला. भरणाऱ्या यंत्राचं व्होल्टेज तेवढंच राहिलं तर प्रत्येक काचेच्या वाट्याला अकरावा हिस्सा येतो, आणि साठलेली एकूण ऊर्जाही एकट्या काचेच्या अकराव्या हिश्श्याएवढीच भरते. गंमत म्हणजे ही अडचण त्याला जाणवली होती. प्रत्येक बाटली भरायला थोडा विरोध करते, बाटल्या वाढल्या की तो विरोध साठतो आणि यंत्राला लवकर परतवतो, असं त्याने नोंदवलं. म्हणजे व्होल्टेजांची बेरीजच, फक्त तिला अजून नाव नव्हतं. पुढे व्होल्टाने धारकता आणि ताण वेगळे केले, आणि Q = CV हे नातं हाती आलं.

आता एक जाळं घेऊ. 12 V च्या बॅटरीला 6 µF, आणि त्याच्यापुढे एकसर 1 µF व 2 µF ची समांतर जोडी. जोडी 3 µF ची. 6 आणि 3 एकसर, म्हणून 6×3/(6+3) = 2 µF. बॅटरीतून 24 µC प्रभार निघतो. तो सगळा 6 µF वर बसतो, म्हणून तिथे 4 V. उरलेले 8 V जोडीवर: 1 µF वर 8 µC, 2 µF वर 16 µC. बेरीज पुन्हा 24. ती जुळली नाही, तर बहुधा समांतर जोडीतल्या प्रत्येकावरच 24 लिहिलेलं असतं.

यात एक अट गृहीत धरलेली आहे. 6 µF आणि जोडी यांच्यामधला तारेचा तुकडा बाकी जगापासून तुटलेला असतो, आणि त्यावर सुरुवातीला एकूण प्रभार शून्य हवा. आधी भरलेला कपॅसिटर जोडला की सारख्या प्रभाराचा नियम मोडतो.

प्रयोगशाळेत याच तुकड्यामुळे मुलं गोंधळतात. 10 MΩ चा मल्टिमीटर जोडीवर लावला की सुरुवातीला 8 V च्या आसपास दिसतं, मग आकडा घसरू लागतो आणि दीड मिनिटात 3 V वर येतो. कपॅसिटर खराब नसतो. मीटरमधून प्रभार झिरपतो, आणि 10 MΩ ला 9 µF ने गुणलं की 90 सेकंदच येतात. (6 आणि 3 ची इथे बेरीज, कारण त्या तुकड्याकडून पाहिलं तर दोन्ही समांतरच आहेत.) मीटर तसाच ठेवला, तर शेवटी जवळपास सगळे 12 V त्या 6 µF वर जाऊन बसतात.