टोब्रुक जिंकलं, मग अलेक्झांड्रिया का नाही?

कुठल्याही युद्धाची बातमी टीव्हीवर लागली की पडद्यावर नकाशा येतो आणि त्यावर लाल बाण धावू लागतात. बाण दोन-चार दिवस पुढे सरकतात आणि मग एका जागी थबकतात. लगेच चर्चा सुरू होते : नेता घाबरला, कुणीतरी विकलं गेलं, वरून फोन आला. इंदूरला राजवाड्याजवळ पोहे खाताना मी हे तिन्ही निष्कर्ष एकाच माणसाच्या तोंडून ऐकले आहेत. एका वाहिनीवर तर ज्योतिषीबुवांनी मंगळ वक्री असल्यामुळे सैन्य थांबल्याचं सांगितलं. मंगळाचं मला ठाऊक नाही, पण ट्रकचं गणित मांडता येतं, आणि ते मांडलं की बाण का थबकतो हे बरंचसं उलगडतं.

या थबकण्याला लष्करी शास्त्रात नाव आहे. आपण त्याला चढाईचा कळसबिंदू म्हणू. कार्ल फॉन क्लाउझेविट्झ या प्रशियन अधिकाऱ्याने ही कल्पना मांडली. १८१२ मध्ये नेपोलियन रशियात घुसला तेव्हा क्लाउझेविट्झ रशियन सैन्यात होता, त्यामुळे एका विजयी सैन्याचं काय होतं हे त्याने जवळून पाहिलं. त्याचं म्हणणं असं : चढाई करणारा पुढे जातो तसतसा अशक्त होतो. त्याला वाटेतल्या ठाण्यांवर माणसं ठेवावी लागतात, बाजू सांभाळाव्या लागतात, आणि रसद लांबून आणावी लागते. मागे हटणारा मात्र आपल्या कोठारांजवळ जात असतो. अशा वेळी एक क्षण येतो जेव्हा चढाई करणाऱ्याकडे उरलेलं बळ जिंकलेला मुलूख राखण्यापुरतंच असतं. तोच कळसबिंदू. तिथे थांबला तर हाती आलेलं टिकू शकतं. पुढे गेला तर जो उलटा तडाखा बसतो, तो बहुधा मूळ चढाईपेक्षा मोठा असतो. इंदूरशेजारच्या महूला आर्मी वॉर कॉलेज आहे. तिथल्या अधिकाऱ्यांना हे नवीन नाही. नवीन आहे ते आपल्यासारख्या नकाशा बघणाऱ्यांना.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण दुसऱ्या महायुद्धातल्या उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात सापडतं. तिथे जंगल नाही, गावं फारशी नाहीत, लुटायला धान्य नाही, पाणीसुद्धा वाहून न्यावं लागतं. म्हणजे प्रयोगशाळाच म्हणा. एका टोकाला लिबियातलं ट्रिपोली, दुसऱ्या टोकाला इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया, आणि मध्ये समुद्रकाठाने जाणारा जवळजवळ एकच पक्का रस्ता. ट्रिपोलीपासून बेनगाझी साधारण हजार किलोमीटर, तिथून टोब्रुक आणखी साडेचारशे, आणि टोब्रुकपासून अल अलामीन सुमारे साडेपाचशे.

२१ जून १९४२ ला जर्मन सेनापती रोमेलने ब्रिटिशांकडून टोब्रुक घेतलं. सुमारे ३३ हजार सैनिक कैद झाले आणि रोमेलला फील्ड मार्शल करण्यात आलं. आधी ठरलेलं असं होतं की टोब्रुकनंतर सरहद्दीवर थांबायचं आणि आधी माल्टा बेट घ्यायचं, कारण जर्मन-इटालियन जहाजं बुडवणारी विमानं आणि पाणबुड्या तिथूनच निघत. रोमेल थांबायला तयार नव्हता. समोरचा पळतोय, आत्ताच गाठला तर नाईल आपली, असं त्याने हिटलर आणि मुसोलिनीच्या गळी उतरवलं. माल्टा राहिलं. सैन्य इजिप्तमध्ये शिरलं.

आता ट्रक घेऊ. हिशोबासाठी समजा, आपल्याकडे तीन टन माल नेणारे एक हजार ट्रक आहेत. वाळू आणि उष्णतेमुळे साधारण तिसरा हिस्सा कायम दुरुस्तीत असतो. रोमेलच्या गाड्यांचं प्रमाणही जवळपास असंच होतं. म्हणजे रस्त्यावर साडेसहाशे. एक ट्रक दिवसाला दोनशे किलोमीटर तोडतो असं धरू. माल भरण्या-उतरवण्याचा वेळ सोडून देऊ.

आघाडी बंदरापासून शंभर किलोमीटरवर असेल तर जाऊन येऊन दोनशे किलोमीटर, एक दिवसाची फेरी. रोज १,९५० टन माल पोहोचतो. आघाडी पाचशे किलोमीटरवर गेली की फेरीला पाच दिवस लागतात. ट्रक तेवढेच, ड्रायव्हर तेवढेच, पण रोजचा माल उरतो ३९० टन. वाळवंटात मोटारींवर चालणाऱ्या एका डिव्हिजनला पाण्यासकट दिवसाला साधारण ३५० टन लागत. म्हणजे शंभर किलोमीटरवर पाच डिव्हिजन पोसणारा ताफा पाचशेवर एकीलाच कसाबसा पुरतो. यात शत्रूने एकही गोळी झाडलेली नाही.

आणि हे अजून अर्धंच. ट्रकसुद्धा पेट्रोल पितो. शंभर किलोमीटरला तीस लिटर धरा. ट्रिपोलीहून अलामीनपर्यंत जाऊन यायचं म्हणजे चार हजार किलोमीटर, १,२०० लिटर. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून वजन भरतं नऊशे किलोच्या जवळ. ते वाटेत कोण देणार? ट्रकने आपल्यासोबतच न्यायचं. तीन टनांतले नऊशे किलो गेले, उरले एकवीसशे. फेरीला वीस दिवस. साडेसहाशे ट्रक मिळून रोज सत्तर टनांच्याही आत! प्रत्यक्षातही ट्रिपोलीला उतरलेल्या इंधनातला तिसरा ते निम्मा भाग आघाडीवर पोहोचण्याआधीच खर्ची पडत असे. इथे दोन गोष्टी एकमेकींवर चढतात : फेऱ्या अंतराच्या प्रमाणात घटतात आणि प्रत्येक फेरीतला उपयोगी मालही घटत जातो. म्हणून आलेख सरळ उतरत नाही, आधी झपकन कोसळतो आणि मग शून्याकडे सरपटत जातो. ज्यांना आलेख आवडत नाहीत त्यांनी एवढंच धरावं की अंतर दुप्पट झालं की माल निम्म्याहून कमी होतो.

मग ट्रिपोलीहून कशाला, टोब्रुकलाच जहाजं लावा की, असं कुणीही म्हणेल. रोमेलनेही तेच धरलं होतं. पण टोब्रुक बंदराची क्षमता कागदावर दिवसाला दीड हजार टन असली, तरी प्रत्यक्षात सहाशेच्या वर माल क्वचितच उतरे. ब्रिटिश विमानं तिथे सतत बॉम्ब टाकत, आणि माल्टा शाबूत असल्याने जहाजं वाटेतच बुडत.

टोब्रुकच्या लुटीने हे सगळं काही दिवस झाकलं. तिथे सुमारे दोन हजार गाड्या, पाच हजार टन अन्नसामग्री आणि चौदाशे टन पेट्रोल हाती लागलं. रोमेलचं सैन्य त्यानंतर बऱ्याच अंशी ब्रिटिश गाड्यांवर, ब्रिटिश पेट्रोलवर आणि ब्रिटिश डबाबंद मांसावर पुढे सरकलं. लूट ही अशी फसवी असते. ती एकदाच मिळते, आणि तेवढ्या दिवसांत सैन्य कोठारापासून आणखी लांब गेलेलं असतं. जिंकलेल्या गाड्यांवर सैन्य धावू लागलं की कळसबिंदू जवळ आला असं मी समजतो. स्वतःच्या गाड्या नीट चालत असत्या, तर परक्या गाड्या, ज्यांचे सुटे भागही मिळत नाहीत, कोण वापरेल?

दुसरी खूण आकाशात दिसते. ब्रिटिश विमानं मागे हटत स्वतःच्या पक्क्या धावपट्ट्यांजवळ आली होती. जर्मन विमानांचे तळ मात्र मागेच राहिले, कारण तळ हलवायलाही ट्रक आणि पेट्रोल हवं. तिसरी खूण सर्वांत साधी : चालू स्थितीतले रणगाडे मोजा. ३० जूनला रोमेल अल अलामीनला पोहोचला तेव्हा त्याच्या जर्मन पॅन्झर डिव्हिजनांकडे मिळून ५५ रणगाडे उरले होते. अलेक्झांड्रिया तिथून शंभरेक किलोमीटर. कैरोत ब्रिटिश कचेऱ्यांमधून कागदपत्रं जाळली जात होती. नकाशावर पाहिलं तर खेळ संपला होता.

१ जुलैला हे रणगाडे देइर अल शेइन नावाच्या खोलगट जागेवर येऊन आदळले. तिथे आपली १८ वी भारतीय इन्फन्ट्री ब्रिगेड होती : शीख, गुरखे आणि एक ब्रिटिश बटालियन. इराकहून नुकतीच आलेली, मोर्चे अर्धवट खणलेले, तोफा थोड्या. ब्रिगेड संध्याकाळपर्यंत लढली आणि संपली. रोमेलचे १८ रणगाडे गेले आणि दिवसही गेला. एरवी ५५ मधले १८ म्हणजे मोठी चढाई करणाऱ्याला फार नव्हे, मागून नवे येतात. इथे मागे साडेपाचशे किलोमीटर रस्ता होता. ३ जुलैला २६ उरले, आणि मग रोमेलने बचावाचे हुकूम दिले. ऑगस्टअखेर अलाम हलफाला त्याने पुन्हा जोर लावला, तोही पेट्रोलवाचून फसला. ऑक्टोबरमध्ये तडाखा उलटला. नंतर तो ट्युनिशियापर्यंत मागे सरकला.

यात रोमेलचा हावरेपणा शोधणाऱ्यांना मी दुसरी बाजू दाखवेन. आधी ब्रिटिशांचंही असंच झालं होतं. १९४१ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा १९४२ च्या जानेवारीत ते पश्चिमेला अल अघेलापर्यंत पोहोचले आणि दोन्ही वेळा मागे रेटले गेले. तेव्हा लांब रस्ता त्यांच्या पाठीमागे होता. सेनापती बदलले, झेंडे बदलले, अंतराचा नियम तोच राहिला. (पहिल्या खेपेला त्यांचं सैन्य ग्रीसला पाठवण्यात आलं हेही खरं.) शिवाय सरहद्दीवर थांबणं फुकटचं नव्हतं. टोब्रुक पडताच अमेरिकेने तीनशे शर्मन रणगाडे इजिप्तला द्यायचं ठरवलं. थांबला असता तर समोर तेच येऊन उभे राहिले असते. इतिहासकार यावर आजही भांडतात. क्लाउझेविट्झने चढाईला ओझं घेऊन चढ चढणाऱ्या घोड्याची उपमा दिली आहे. त्याला थांबण्यापेक्षा पुढे चालणं सोपं जातं. शत्रूकडे किती उरलंय हे दिसत नाही, आपल्याकडचं रोज घटतंय हे दिसतं, म्हणून माणूस आजच सगळं लावतो.

होळकरांच्या गावात राहून १८०४ चं नाव न घेणं बरं दिसणार नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा कर्नल मॉन्सन होळकरांवर चालून उत्तरेकडून मुकुंदरा घाटातून उतरला, जुलैच्या सुरुवातीला त्याने हिंगलाजगड घेतला आणि पुढे आला. गुजरातेकडून कंपनीच्याच मरेची फौज येऊन मिळणार होती, ती वेळेवर आली नाही. पावसाळा लागलेला, धान्य संपत आलेलं, आणि समोर यशवंतराव होळकर वळून येतायत अशी खबर. मॉन्सन मागे फिरला. काळ्या मातीच्या चिखलात त्याच्या तोफा रुतल्या आणि तिथेच सोडाव्या लागल्या. यशवंतरावांचे स्वार पाठीवर होतेच. उरलेसुरले लोक ऑगस्टच्या शेवटी आग्र्याला पोहोचले.

इथवरची गोष्ट आपण चवीने सांगतो. पुढची कमी सांगितली जाते. यशवंतराव त्याच जोरावर ऑक्टोबरमध्ये दिल्लीपर्यंत गेले, तिथे वेढा घातला आणि तो उठवावा लागला. नोव्हेंबरात फर्रुखाबादला कंपनीचा सेनापती लॉर्ड लेक याने त्यांचे स्वार बेसावध गाठले. या सगळ्या काळात त्यांच्या पाठीमागे इंदूर ऑगस्टपासूनच मरेच्या ताब्यात होतं.