जुलाब थांबले, मग गुडघा का सुजला?
(आमच्या लॅबमध्ये सांध्याचं पाणी तपासायला येणाऱ्यांसाठी)

गेल्या पावसाळ्यात तिशीतले एक रिक्षाचालक लंगडत आले. उजवा गुडघा टम्म फुगलेला, डावी टाच सकाळी टेकवत नव्हती, एक डोळा लाल. पडले नव्हते, मार लागला नव्हता. विचारल्यावर आठवलं, अडीच आठवड्यांपूर्वी चार दिवस ताप आणि जुलाब झाले होते.

याला रिअॅक्टिव्ह आर्थ्रायटिस म्हणतात. साल्मोनेला, शिगेला यांसारख्या जंतूंमुळे पोट बिघडतं, ते बरंही होतं, आणि साधारण एक ते चार आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते. बहुतेकदा गुडघा, घोटा असे पायाचेच सांधे धरतात. टाच दुखते, एखादं बोट अख्खं सुजतं. लघवीच्या मार्गातल्या क्लॅमिडिया या जंतूनेही हे होतं. तो शरीरसंबंधातून येतो, त्यामुळे लोक सांगायला लाजतात. लघवीला जळजळ होत असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

मग पाणी काढायचं कशाला? कारण सांध्यात खरोखर पू झाला असेल, म्हणजे सेप्टिक आर्थ्रायटिस असेल, तरी गुडघा असाच दिसू शकतो. त्यात बहुधा एकच सांधा धरतो, तो जराही हलवू देत नाही, अनेकांना थंडी वाजून ताप येतो. उपचार लांबले तर काही दिवसांतच हाडांच्या टोकांवरचं मऊ आवरण, म्हणजे कूर्चा, झिजते. शरीरात दाह आहे हे दाखवणारा रक्तातला सीआरपी दोन्हींत वाढतो, त्यावरून निवाडा होत नाही.

या रिक्षाचालकांचं पाणी पिवळसर, किंचित गढूळ होतं. पांढऱ्या पेशी दर मायक्रोलीटरला १८,०००. पू असेल तर हा आकडा बहुधा ५०,००० च्या वर जातो, पण हद्द पक्की नाही. आम्ही नुसत्या आकड्यावर कधीच भिस्त ठेवत नाही. ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर, जंतू दिसले नाहीत, गाउटमध्ये दिसतात ते युरिक अॅसिडचे खडेही नाहीत. तरी कल्चर लावलं, म्हणजे त्या पाण्यात जंतू वाढतात का ते पाहिलं, कारण जंतू असूनही स्टेनमध्ये निसटतात. पाच दिवसांत काहीच उगवलं नाही. एक विनंती: पाणी काढण्याआधी स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. कल्चर खोटंच कोरं येऊ शकतं.

डॉक्टरांनी त्यांना सूज आणि दुखणं कमी करणारं नॅप्रोक्सेन दिलं, सोबत पोटासाठी गोळी. कल्चर कोरं आल्यावरच गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन. पोटाच्या जंतूंमुळे झालेल्या या दुखण्यात अँटिबायोटिकने सांधा लवकर बरा होत नाही. क्लॅमिडिया सापडला तर मात्र डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक घ्यावं लागतं, जोडीदारालाही उपचार लागतात. लाल डोळा दुखत असेल किंवा उजेड सोसत नसेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

बहुतेकांना सहा महिन्यांच्या आत आराम पडतो, काहींना वर्ष लागतं. सूज हटतच नसेल तर सल्फासॅलाझिन ही गोळी देतात. ती चालू असताना रक्त आणि लिव्हरची तपासणी ठरावीक दिवसांनी करावी लागते. त्या वेळी जुने रिपोर्ट सोबत आणा.