परदेशी ग्राहकशोध (लघुनिर्यातदारांची पद्धत, पुणे)

व्यापारी पोर्टल आणि थेट ईमेल यांच्या आधारे अनोळखी परदेशी आयातदार शोधून, प्रत्यक्ष भेट न होता त्याचा विश्वास मिळवण्याची ही पद्धत आहे. भोसरी, पिंपरी-चिंचवड, चाकण या पट्ट्यातल्या ज्या छोट्या कारखान्यांना परदेशातल्या प्रदर्शनात स्टॉल घेणे परवडत नाही, त्यांच्यासाठी हाच सर्वांत कमी खर्चाचा रस्ता आहे. त्यासाठी लागणारा आयात-निर्यात कोड (आयईसी) परदेशी व्यापार महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीएफटीच्या संकेतस्थळावर 500 रुपये शुल्क भरून मिळतो.

उदाहरणादाखल, भोसरीत स्टेनलेस स्टीलची आटे असलेली एल्बो आणि सॉकेट बनवणारा दहा-बारा माणसांचा कारखाना घेऊ. या मालाचा एचएस कोड, म्हणजे मालाच्या जागतिक वर्गीकरणातला क्रमांक, 7307 22. निर्यातीची भाषा या सहा आकड्यांपासून सुरू होते, कारण मालाची नावे देशागणिक बदलतात, पण पहिले सहा आकडे जवळपास सगळीकडे तेच राहतात.

अलीबाबा, इंडियामार्ट यांसारख्या पोर्टलवर नाव नोंदवले की चौकशा येऊ लागतात. मात्र एकच चौकशी अनेक विक्रेत्यांकडे जाते आणि बोलणे लगेच दरावर येते. ज्या चौकशीत माप, आट्याचा प्रकार, धातूचा ग्रेड आणि नग दिलेले असतात, तिला त्याच दिवशी उत्तर द्यावे. ‘बेस्ट प्राइस पाठवा’ एवढीच ओळ असेल तर उलट दोन प्रश्न विचारावेत. खरा ग्राहक त्यांची उत्तरे देतो.

थेट ईमेलला मेहनत जास्त लागते, पण ग्राहक आपण निवडतो. कोणता देश हा माल कुठून आणि किती घेतो, हे जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरच्या ‘ट्रेड मॅप’वर दिसते. ब्रिटनच्या बाबतीत आणखी सोय आहे. तिथले करखाते कोणत्या कोडखाली कोणत्या कंपनीने माल आयात केला, त्याची नावे uktradeinfo.com वर खुली ठेवते. आपल्या कारखान्याने त्यातून पाइप-फिटिंगचे साठेदार निवडून प्रत्येकाचे संकेतस्थळ वाचावे आणि मगच लिहावे. कायदाही पाहावा लागतो. ब्रिटनमध्ये नोंदणीकृत कंपनीला असा ईमेल चालतो. जर्मनीत मात्र आधी संमती नसेल तर कंपनीलाही जाहिरातीचा ईमेल पाठवता येत नाही.

पत्र सात-आठ ओळींचे पुरते. त्यात तुमच्या साठ्यात दिसणारी ही फिटिंग आम्ही बनवतो, ग्रेड 316, आटे बीएसपी या ब्रिटिश मापाचे, किमान इतके नग, न्हावा शेवा बंदरात माल जहाजावर चढेपर्यंतचा म्हणजे एफओबी दर आणि तयारीला लागणारे आठवडे, एवढे असावे. पहिल्याच पत्राला मोठा कॅटलॉग जोडू नये. पत्ता स्वतःच्या डोमेनचा असावा आणि पत्र खरेच त्या डोमेनवरून आल्याची खूण देणाऱ्या एसपीएफ व डीकेआयएम नोंदी त्यावर असाव्यात. नाहीतर पत्र स्पॅममध्ये जाण्याचा धोका वाढतो. गूगलची मेलसेवा असेल तर एसपीएफची नोंद अशी असते:

```
v=spf1 include:_spf.google.com ~all
```

विश्वासाचा खरा आधार म्हणजे समोरच्याला तुम्हाला न विचारता तपासता येईल अशी माहिती. ‘उत्तम दर्जा’, ‘अग्रगण्य उत्पादक’ असे शब्द कोणीही लिहितो, आणि अनुभवी खरेदीदार ते वाचतही नाही. जीएसटी क्रमांक, आयईसी आणि मराठा चेंबरचे सदस्यत्व असेल तर तेही पत्राखाली द्यावे. नाव आणि पत्ता सगळीकडे अक्षरशः एकच हवा. ‘प्रा. लि.’ एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, एवढ्यावरूनही शंका येते.

मालाच्या बाबतीत हेच काम हीट नंबर करतो. पोलाद भट्टीच्या ज्या खेपेतून ओतले गेले तिचा हा क्रमांक. नमुन्याच्या एल्बोवर तो कोरलेला असावा, आणि सोबतच्या, ईएन 10204 या युरोपीय मानकाच्या प्रकार 3.1 तपासणी प्रमाणपत्रावर तोच क्रमांक व रासायनिक घटक असावेत. 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असते, 304 या दुसऱ्या ग्रेडमध्ये ते मुद्दाम घातलेले नसते. त्यामुळे खरेदीदार आपल्या प्रयोगशाळेत तुकडा तपासून कागद खरा की खोटा ते ठरवू शकतो. दोन्ही जुळले की पुण्याच्या या कारखान्याचे नाव त्याच्या यादीत चढते. एकदा कागद आणि धातू यांत फरक निघाला, तर पुढचे पत्र उघडलेही जात नाही.

तपासणी निर्यातदारानेही करावी. ब्रिटिश कंपनीची नोंदणीची तारीख, संचालक आणि हिशेब ‘कंपनीज हाउस’वर फुकट पाहता येतात. मात्र ठग खऱ्या कंपनीचे नाव घेऊन डोमेनमध्ये एखादे अक्षर बदलतात, म्हणून त्या कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरच्या क्रमांकावर फोन करावा. ऑर्डर देण्याआधी ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘वकिलाची फी’ मागणारा हा ग्राहक नव्हेच. नमुन्याच्या कुरिअरसाठी जो स्वतःचा खातेक्रमांक देतो, त्याच्या हेतूबद्दल बरीच खात्री धरता येते.

पहिल्या ऑर्डरला 30 टक्के आगाऊ आणि उरलेले बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीची प्रत पाहून, ही रीत दोघांनाही झेपते. उधारी द्यायचीच असेल तर आधी ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात-पतविमा घ्यावा. ईमेल खाते हॅक करून ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे निर्यातदाराच्या नावाने ग्राहकाला कळवण्याची फसवणूकही होते. त्यामुळे प्रोफॉर्मा इनव्हॉइसवरच छापावे की खाते बदलल्याचे आम्ही ईमेलने कधीच कळवणार नाही, आणि तसे पत्र आल्यास पैसे पाठवण्याआधी फोन करावा.