दुय्यम नोंदणी प्रमाणपत्रासाठी परिवहन कार्यालयाला पत्र

वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेतले 'आरसी बुक' किंवा आरसी कार्ड, हरवल्यावर मालक प्रादेशिक परिवहन कार्यालयाला जे पत्र देतो त्याचा आधार केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५३ हा आहे. या नियमानुसार प्रमाणपत्र जिथे हरवले तिथल्या पोलीस ठाण्यात आधी खबर द्यायची आणि परिवहन कार्यालयाला लेखी कळवायचे. दुय्यम प्रतीचा अर्ज नमुना २६ मध्ये असतो. पत्र त्या अर्जाची जागा घेत नाही, त्याच्या सोबत जाते.

पत्र कोणाला लिहायचे, इथेच ठाणे-नवी मुंबईत बहुतेकांची चूक होते. समजा, नौपाड्यात राहत असताना स्कूटर घेतली, क्रमांक एमएच ०४ चा. पुढे बिऱ्हाड ऐरोलीला हलले, पण नोंदीतला पत्ता बदलला नाही. ऐरोली एमएच ४३ च्या, म्हणजे नवी मुंबई कार्यालयाच्या हद्दीत येते, तरी अर्ज ठाण्यालाच करावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१(१४) प्रमाणे तो शेवटच्या नोंदणी प्राधिकाऱ्याकडे जातो, आणि गाडीची नोंद अजून ठाण्यात आहे. पत्ताबदल आधी उरकून घेऊ म्हटले तर तेही जमत नाही, कारण त्यालाही प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून आधी दुय्यम प्रत, मग पत्ता. तयार कार्ड टपालाने नोंदीतल्या पत्त्यावर जाते, तेव्हा नौपाड्याच्या घरी ते घ्यायला कोणीतरी असेल याची सोय करून ठेवावी.

पत्राचा गाभा दोन-तीन वाक्यांचाच असतो:

'माझ्या स्कूटरचे (क्र. एमएच ०४ …, चासी क्र. …) मूळ नोंदणी प्रमाणपत्र दि. … रोजी सायंकाळी ठाणे स्थानकाच्या फलाटावर पाकिटासह गहाळ झाले. लोहमार्ग पोलीस ठाण्यात त्याच दिवशी खबर दिली असून दाखला सोबत जोडला आहे. प्रमाणपत्र कोणाकडेही तारण ठेवलेले नाही किंवा कोणत्याही यंत्रणेने जप्त केलेले नाही. दुय्यम प्रत मिळावी, ही विनंती.'

यातले 'जप्त केलेले नाही' हे वाक्य गाळू नये. कारवाईत अडकलेले कागद 'हरवले' म्हणून दुसरी प्रत काढण्याची वाट त्याने बंद होते. तारीख आणि ठिकाण पोलीस दाखल्याशी तंतोतंत जुळले पाहिजे. फलाटावर हरवलेल्या पाकिटाची खबर घराजवळच्या ठाण्यात दिली, तर दाखला आणि पत्र यांचा मेळ बसत नाही. मूळ प्रत पुढे सापडल्यास जमा करीन, अशी हमीही पत्रात द्यावी.

गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर नमुना २६ वर वित्तपुरवठादाराची सही लागते. कर्ज फिटले तरी बोजा नोंदीतून उतरवलेला नसेल, तर ही सही चुकत नाही. फी नव्या नोंदणीच्या फीच्या निम्मी असते. स्मार्ट कार्डाचे पैसे वेगळे.

नवे कार्ड येईपर्यंत वाहतूक पोलिसांना डिजीलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधले प्रमाणपत्र दाखवता येते. ते कायद्याने ग्राह्य आहे.