विरचना म्हणजे हवा तो अर्थ काढणं नव्हे

"विरचना म्हणजे मजकुरातली जोडी उलटी करायची आणि हवा तो अर्थ काढायचा, असंच ना?"

नाही. पुरावा मजकुरातूनच द्यावा लागतो. विरचना ही वाचनाची पद्धत मांडणाऱ्या फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदाने 1968 साली प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादावर लिहिलं, त्यातला एक धागा घेऊ.

आधी मजकुरातली परस्परविरोधी जोडी शोधायची आणि त्यात वरचढ कोण मानलं आहे हे दाखवायचं. इथे वर बोलणं, खाली लेखन. संवादातला सॉक्रेटिस म्हणतो, लिहिलेले शब्द चित्रांसारखे: प्रश्न विचारला तर गप्प. लेखनाने स्मरणशक्तीही दुबळी होते. इथवर उतरंड पक्की आहे.

मग वरच्याची व्याख्या कुठे केली आहे ते वाक्य गाठायचं. खरं काम इथेच असतं. खरं बोलणं कोणतं? सॉक्रेटिसचं उत्तर: जे ज्ञानासह शिकणाऱ्याच्या आत्म्यात 'लिहिलं' जातं ते. ते लेखनाचंच औरस भावंड, असंही तो म्हणतो. म्हणजे ज्याला बाहेर काढलं, त्याच्याच आधाराने वरच्याची ओळख सांगावी लागते. फट ती हीच.

इथे घसरायला दोन जागा आहेत. 'मग लेखनच श्रेष्ठ' म्हटलं की तीच उतरंड डोक्यावर उभी राहते. देरिदाचा दावा एवढाच की शुद्ध, लेखनमुक्त बोलणं या मजकुराला उभं करता येत नाही. दुसरी जागा जास्त फसवी: 'प्लेटोने हे लिहूनच सांगितलं की!' टोमणा झकास आहे, पण तो लेखकाच्या कृतीवर आहे. व्याख्येतली फट त्याने दिसत नाही.